ठाण्याला उठायचं: एका कार्यालयीन वैराचं प्रकरण

या प्रकरणातल्या दोघी आजही त्याच कंपनीत, त्याच मजल्यावर काम करतात. म्हणून नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत. एकीला वैशाली म्हणू, दुसरीला नीता. दोघींशी मी वेगवेगळं बसून बोलले आणि लिहिलेलं दोघींना वाचायला दिलं. वैशालीने दोन वाक्यं काढायला लावली, नीताने एक घालायला लावलं.

मी त्याच कंपनीच्या कार्मिक विभागात होते. हे भांडण मिटवायचा प्रयत्न मीही केला होता आणि तो साफ फसला. त्यामुळे हे लिखाण तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

भांडण कशावरून

कंपनी फोर्टमधली, यंत्रांचे सुटे भाग विकणारी. अकाउंट्समध्ये सात माणसं. वैशाली आणि नीता साधारण एकाच वेळी लागलेल्या, शेजारी-शेजारी बसणाऱ्या. सहा वर्षं दोघींचं 'अगं-तुगं' होतं, डबा एकत्र होता, एकीच्या घरच्या लोणच्याची बरणी दुसरीच्या ड्रॉवरमध्ये असायची.

डिसेंबर २०२१ मध्ये एका पुरवठादाराचं १,८६,४४० रुपयांचं बिल आलं. वैशालीने ते 'PT/1127' असं नोंदवलं आणि पैसे गेले. जानेवारीत तिच्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ती नऊ दिवस रजेवर होती. त्या दिवसांत त्याच पुरवठादाराने त्याच बिलाची प्रत पुन्हा मेलने पाठवली. पैसे सोडायची तारीख दुसऱ्या दिवशीची. नीताने फोन केला, वैशालीने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून आपला पासवर्ड सांगितला, आणि नीताने वैशालीच्या लॉगिनमधून बिल नोंदवलं. फक्त तिरक्या रेघेऐवजी तिने आडवी रेघ टाकली: 'PT-1127'. तेच बिल दुसऱ्यांदा आलं तर सिस्टिम अडवते, पण ती अक्षराला अक्षर जुळवून पाहते. तिच्या लेखी ही दोन वेगळी बिलं होती. पैसे दोनदा गेले.

अशी चूक आपल्या वहीत दिसत नाही, कारण बिलंही दोन आणि देणीही दोन, हिशेब बरोबर शून्यावर येतो. ती दिसते ती पुरवठादाराचा खातेउतारा आल्यावर. मार्चअखेरीच्या जुळवणीत नीताने तो उतारा पाहिला. त्यांच्याकडे बिल एक, जमा दोन. तिने साहेबांना मेल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "सदर दुबार नोंद वैशाली यांच्या लॉगिनमधून झाली आहे." शब्दन् शब्द खरा. फक्त बोटं कुणाची होती ते लिहिलेलं नव्हतं. आणि हा मेल साहेबांबरोबर विभागातल्या उरलेल्या पाचही जणांना गेला होता, वैशालीसकट.

एप्रिलमध्ये सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखती होत्या. उमेदवार दोनच. मे २०२२ मध्ये नीताला जागा मिळाली.

पुरवठादाराने ते पैसे पुढच्या बिलात वळते करून दिले होते, वीस दिवसांच्या आत. कंपनीचं नुकसान एका रुपयाचंही झालं नाही. पण वैशालीने दोन जणींना सांगितलं की साहेबांच्या घरच्या गणपतीत जाऊन भांडी घासली की सुपरवायझर होता येतं. हे वाक्य दुपारपर्यंत मजलाभर झालं आणि संध्याकाळपर्यंत नीताच्या कानावर आलं.

पंधरा महिने

वैर ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण आधी भाषा बदलली. 'अगं नीता' जाऊन 'मॅडम' आलं, तेही 'मॅ'वर जोर देऊन. नीताही 'तुम्ही' म्हणायला लागली. मराठी माणसं एकमेकांना शिव्या देण्यापेक्षा अहो-जाहो करून जास्त दुखवू शकतात. नीताने काहीही सांगितलं की वैशालीचं ठरलेलं उत्तर होतं: "लेखी द्या."

मग कागद बोलायला लागले. नीता वैशालीची व्हाउचरं बारीकसारीक कारणांनी परत पाठवायची, शिक्का तिरका आहे, तारखेत वर्ष दोन अंकी आहे. महिन्याला तीस-पस्तीस व्हाउचरं परत जात होती, बाकीच्यांची मिळून दहाही नाहीत. एक ज्युनिअर मुलगा दोघींमध्ये टपाल वाहायचा. त्याने राजीनामा दिला तेव्हा कारण 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि मला तोंडी सांगितलं, "मॅडम, मला अकाउंट्स शिकायचं होतं."

सप्टेंबर २०२२ मध्ये मी दोघींना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. टेबलाच्या या बाजूला एक, त्या बाजूला दुसरी, मध्ये मी आणि पाण्याच्या तीन बाटल्या. कुठल्याशा प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे मी म्हटलं, "आधी प्रत्येकीने आपल्याला काय वाटतं ते सांगू या." वैशाली म्हणाली, "माझं काही नाही." नीता म्हणाली, "माझंही काही नाही." दहा मिनिटांत बैठक संपली आणि दुसऱ्या दिवशीपासून वैशालीने मलाही 'लेखी द्या' सांगायला सुरुवात केली.

माझं काय चुकलं ते आता दिसतं. दोघींमध्ये एक साधा, तपासता येण्याजोगा प्रश्न होता: ती नोंद कुणी केली? सिस्टिमच्या नोंदवहीत लॉगिनबरोबर संगणकाचंही नाव असतं. ते पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की लॉगिन वैशालीचं असलं तरी संगणक नीताचा होता. मी ते पाहिलं नाही. वस्तुस्थिती ठरवायच्या आधीच मी भावनांना हात घातला, आणि तोही समोरासमोर बसवून, जिथे जे बोलेल ते ऐकायला प्रतिस्पर्धी हजर होती.

वासिंद

वैशाली २०१२ पासून आसनगावला राहते. सीएसएमटीपासून सुमारे ८६ किलोमीटर, फास्ट गाडीने पावणेदोन-दोन तास. कसाऱ्याहून येणाऱ्या सकाळच्या एका गाडीत, मधल्या लेडीज डब्यात तिचा गट आहे. नीता डोंबिवलीत भाड्याने राहायची. मे २०२३ मध्ये तिने वासिंदला स्वतःचा फ्लॅट घेतला. आसनगावनंतरचं पहिलंच स्टेशन. आपल्या विभागात आणखी कोण या बाजूला राहतं हे तिला अर्थातच ठाऊक होतं. "फ्लॅट परवडणारा तिथेच होता," ती म्हणाली. "वैशालीला टाळायला मी काय ठाण्यात घर घेणार होते?"

जूनच्या पहिल्या सोमवारी ती डब्यात चढली तेव्हा वैशाली खिडकीशी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. नीताने पुढचे चार दिवस दुसरा लेडीज डबा धरून पाहिला, पण वासिंदचा पूल जिथे उतरतो तिथून तो लांब, आणि धावत गेलं तरी आत पाय ठेवायला जागा नाही. आधीची गाडी पकडायची तर मुलाचा डबा होत नव्हता. नंतरची पकडली की लेट मार्क, आणि आमच्याकडे तीन लेट मार्कांना अर्धी रजा जाते. थोडक्यात, पळवाट नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे झालं त्यातलं बरंचसं यावर उभं आहे.

कसारा मार्गावरच्या डब्यांतले नियम बाहेरच्यांना माहीत नसतात. तीन जणींच्या बाकावर चौथी सीट असते, म्हणजे अर्धं अंग बाकावर आणि अर्धं हवेत. ती नव्या माणसाला लगेच मिळत नाही. आधी काही आठवडे उभं राहायचं, मग कुणीतरी "सरक गं जरा" म्हणतं, तेव्हा गटात प्रवेश. या गटाचा आणखी एक नियम होता. लांबून बसून येणाऱ्यांनी ठाण्याला उठायचं आणि उभ्या असणाऱ्यांना बसू द्यायचं. वाद नको म्हणून जोड्या ठरलेल्या. कोण कुणासाठी उठणार, याची यादी गटातल्या काकूंच्या डोक्यात असायची. काकू जीपीओजवळच्या एका सरकारी कार्यालयात होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. नीता किती दिवस उभी आहे ते त्यांनी पाहिलं, वैशालीची आधीची जोडीदारीण बाळंतपणाला गेली होती, आणि जूनच्या अखेरीस त्यांनी सांगून टाकलं, "ही वासिंदवाली तुझी. ठाण्याला उठ तिच्यासाठी."

काकूंना काही माहीत नव्हतं. वैशालीला सांगता आलं असतं, पण सांगायचं काय? पंचवीस बायकांसमोर ऑफिसचं धुणं धुवायची तिची तयारी नव्हती.

मग रोज ठाण्याला वैशाली उठायची आणि नीता तिच्या उबदार जागेवर बसायची. शब्द नाही. मुंब्रा मागे पडलं, की वैशाली पर्सचा पट्टा खांद्यावर घ्यायची, तीच खूण. नीता मला म्हणाली, "पहिला महिना मला त्या जागेवर बसवतच नव्हतं. ऑफिसात मी तिची व्हाउचरं परत पाठवायची आणि सकाळी तिच्याच सीटवर बसून यायची." परत जाणाऱ्या व्हाउचरांची संख्या ऑगस्टपासून कमी झालेली दिसते. नीता म्हणते, तिने तसं काही ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी उलटं. व्हीटीला गाडी लागली की आधी पोचेल तिने आपल्या जोडीदारणीची जागा धरायची. वैशाली साडेपाचला सुटायची, नीताला सुपरवायझर म्हणून दहा मिनिटं जास्त लागायची. म्हणजे रोज जागा धरायचं काम वैशालीचं. जुलैत एकदा तिने रुमाल टाकलाच नाही. नीता आली, उभी राहिली, काही बोलली नाही. काकूंनी पाहिलं. घाटकोपरपर्यंत त्या गप्प होत्या आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुमचं ऑफिसात काय असेल ते असेल. इथे जागा धरायची म्हणजे धरायची." एवढंच. वैशाली उठली आणि ठाण्यापर्यंत उभी राहिली.

जिथे काही घडलं नाही

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली की ऐकणारा मध्येच म्हणतो, मग पावसात गाडी अडकली असेल आणि दोघी बोलल्या असतील. गाडी अडकली होती. जुलैच्या मुसळधार पावसात संध्याकाळची गाडी डोंबिवलीच्या पुढे तीन तास उभी होती. दिवे गेले, लहान मुलं रडली, कुणीतरी चकल्यांचा पुडा फिरवला. वैशालीचा फोन बंद पडला. नीताच्या पर्समध्ये पॉवर बँक होती आणि ती वैशालीला दिसत होती. वैशालीने मात्र पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी मुलीची पॉवर बँक मागून घेतली. तीन तास दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. संकटात माणसं जवळ येतात ती आधी थोडी सैलावलेली असली तर. ज्यांनी एकमेकांविरुद्ध अंग आखडून धरलंय, ती संकटात आणखी आखडतात.

पहिलं वाक्य निघालं ते मेथीवरून. शुक्रवारी संध्याकाळी गटात भाजी निवडायचा रिवाज आहे. कुणाचीही भाजी, मांडीवर पेपर पसरायचा आणि दोन्ही बाजूंच्या हातांनी निवडायला लागायचं. सप्टेंबरमध्ये नीताने चार जुड्या मेथी आणली. वैशाली शेजारी. रिकामे हात तिला सहन होत नाहीत, तिने एक जुडी ओढून घेतली. कुर्ल्याच्या आसपास कधीतरी ती म्हणाली, "देठ एवढे ठेवू नका, दाताखाली येतात." नीताने देठ काढले. दादरपासून धरून ठेवलेला श्वास मी तिथे सोडला, असं नीता सांगते. (हेच तिने घालायला लावलेलं वाक्य.)

बोलणं सुरू झालं ते असंच, 'तुम्ही'मध्ये आणि वस्तूंबद्दल. मटारचा भाव, वासिंदचं पाणी, मेल गाड्या पुढे काढायला आमची लोकल खडवलीला का थांबवतात. कल्याणच्या पुढे कसाऱ्यापर्यंत रूळ दोनच, लोकल, मालगाड्या आणि लांबच्या गाड्या सगळ्या त्यांवरूनच. त्यामुळे तक्रारीला विषय कधी कमी पडत नाही, आणि दोघींना एकत्र चिडायला तिसरं कुणीतरी मिळालं.

दसऱ्याचे दोनशे रुपये

२०२३ मध्ये खंडेनवमी २३ ऑक्टोबरला, सोमवारी आली. त्या सकाळी गाडीची पूजा असते. डब्याला झेंडूची तोरणं, हळदकुंकू, पेढे, मोटरमनला नारळ. वर्गणी शंभर रुपये, गटात सव्वीस जणी. काकू म्हणाल्या, "दोन-दोन अकाउंटवाल्या आहेत गटात, हिशेब त्यांच्याकडे." वैशालीने रोख गोळा केली, नीताने ऑनलाइन आलेले पैसे घेतले.

शुक्रवारी सकाळी जुळवायला बसल्या तर २,६०० च्या जागी २,४००. टिटवाळ्यापासून कल्याणपर्यंत दोघींनी नावं वाचली. वैशालीच्या वहीत चौदा नावं, चौदा खुणा. नीताच्या यादीत दहा. नीताने फोन उघडून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आणखी दोन जणींचे पैसे मला आलेत. मी लिहिले नाहीत. माझी चूक." हे तिने पुटपुटत म्हटलं नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी तिकडे विशेष लक्षही दिलं नाही.

वैशालीने लक्ष दिलं. ती मला म्हणाली, "दोनशे रुपयांचं काही नव्हतं. पण 'नेटवर्क नव्हतं' म्हणता आलं असतं, 'त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला नाही' म्हणता आलं असतं. सहा वर्षं शेजारी बसून तिच्या तोंडून मी 'माझी चूक' कधी ऐकलं नव्हतं."

'सगळ्यांना का पाठवला?'

डिसेंबरातली संध्याकाळ. गाडी टिटवाळ्याच्या पुढे सिग्नलला उभी, कुठलीशी एक्स्प्रेस पुढे जायची होती. काकू रजेवर. दोघी शेजारी, तोंडं समोर. वैशालीने खिडकीकडे बघत विचारलं, "तो मेल सगळ्यांना का पाठवला होतात?"

नोंद कुणी केली, हे तिने विचारलं नाही. ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या कॉन्फरन्स रूममध्ये मी चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत होते असं नाही, मी कुठल्याच प्रश्नापर्यंत पोचले नव्हते.

नीताने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "एकट्या साहेबांना पाठवूनही काम झालं असतं. मला ती जागा हवी होती."

अशा क्षणी गळ्यात पडणं वगैरे होत नाही. वैशाली भयंकर चिडली. आजवर तिला संशय होता, आता कबुली होती, आणि कबुली पचवायला संशयापेक्षा जड जाते. ती वासिंदपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्याला उठली आणि सरळ दाराशी जाऊन उभी राहिली. असे अकरा दिवस गेले. पण त्या अकराही दिवसांत ती ठाण्याला उठत होती, आणि संध्याकाळी रुमाल टाकत होती. नियम होता म्हणून. ऑफिसात असं झालं असतं तर पुन्हा 'लेखी द्या' सुरू झालं असतं आणि सगळं मूळपदावर गेलं असतं. इथे बोलणं तुटलं तरी देणंघेणं चालू राहिलं.

बाराव्या दिवशी वैशाली म्हणाली, "भांड्यांचं मी बोलले होते."

"माहितेय. सगळ्या ऑफिसला माहितेय."

"ते बोलायला नको होतं."

नीता थोडा वेळ गप्प राहिली. "भांडी नव्हती घासली," ती म्हणाली, "मोदक वळले होते. एकवीस. आणि तेही फुटले, अगं."

तो 'अगं' दोघींनाही ऐकू गेला. त्यावर काही बोलणं झालं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी विभागातल्या सगळ्यांना नीताचा मेल आला. यादी तीच, मार्च २०२२ मधली. गेलेल्या ज्युनिअरच्या जागी आलेल्या मुलाला संदर्भच लागेना, पण त्यालाही गेला. तीन ओळी होत्या: जानेवारी २०२२ मधली ती दुबार नोंद वैशाली रजेवर असताना मी माझ्या संगणकावरून केली होती, तिचं लॉगिन तिच्या परवानगीने वापरलं होतं, माझ्या आधीच्या मेलमधून हे स्पष्ट होत नव्हतं. वैशालीने हे मागितलं नव्हतं. जखम जितक्या लोकांसमोर झाली तितक्याच लोकांसमोर तिच्यावर पट्टी बांधायची, हे नीताला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांना मात्र तो मेल आवडला नाही. जुनी प्रकरणं कशाला उकरायची, असं ते मला म्हणाले. मीही तेव्हा त्यांच्या 'हो'ला 'हो' केलं, ते मला आज बरं वाटत नाही.

त्यानंतर दोघींनी मिळून विभागात दोन बदल करून घेतले. बिलाचा क्रमांक नोंदवताना रेघा, बिंदू, मोकळी जागा गाळायची, फक्त अक्षरं आणि अंक. आणि पैसे सोडायच्या आदल्या दिवशी एक यादी काढायची, ज्यात एकाच पुरवठादाराची एकाच रकमेची बिलं शेजारी-शेजारी येतील. ती डोळ्यांनी पाहायची. पहिल्या तीन महिन्यांत त्या यादीत एक खरं दुबार बिल सापडलं. पासवर्ड सांगणं बंद झालं, रजेवरच्या माणसाचं काम दुसऱ्याच्या लॉगिनवर वळवायची सोय सिस्टिममध्ये आधीपासून होती, कुणी वापरत नव्हतं एवढंच.

मी जे शिकले आणि जे चुकीचं शिकले

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये लिहून ठेवलंय की नुसत्या सहवासाने वैर कमी होत नाही, त्याला चार गोष्टी लागतात: बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या मदतीने करायचं काम, आणि वरच्या कुणाचा तरी पाठिंबा. त्याने ते वंश आणि गटांबद्दल लिहिलं होतं, दोन कारकुनांबद्दल नाही. पण इथे ते बरंच जुळतं. सहवास ऑफिसातही होता, आठ तासांचा. तिथे दर्जा मात्र बरोबरीचा राहिला नव्हता, एक दुसरीची साहेब झाली होती. गाडीत ते फिरलं. तिथे आसनगाववाली जुनी, तिला खिडकी, आणि सुपरवायझर मॅडम हातात कडी धरून उभी. दिवसातले चार तास वैशाली देणारी होती आणि नीता घेणारी. माझ्या मते सगळ्यात मोठं काम याने केलं. वरचा पाठिंबा म्हणजे काकू, ज्यांनी कधी कुणाला 'तुम्ही बोला' असं सांगितलं नाही, फक्त जागेचा नियम मोडू दिला नाही.

हे उमगल्यावर मी हुशारी केली. २०२४ च्या पावसाळ्यात दुसऱ्या विभागातल्या दोन भांडखोर पुरुषांना मी कंपनीच्या एकाच गाडीत घातलं. दोघेही ठाण्याचे, दीड तासाचा रस्ता. सहा आठवड्यांत प्रकरण आणखी चिघळलं. एकाला ड्रायव्हर आधी घ्यायचा, दुसरा खाली उशिरा उतरायचा, त्यावरून तक्रारी. उरलेला वेळ दोघांच्या कानांत इअरफोन. गाडीत देण्यासारखं काही नव्हतं, जागा दोघांनाही आयतीच मिळत होती. तिसरं माणूस होतं ते ड्रायव्हर, आणि तो दोघांनाही 'साहेब' म्हणत होता. शिवाय हे मी घडवून आणलंय हे दोघांना माहीत होतं. एकाने शेवटी स्वतःची मोटरसायकल काढली.

आज

वैशाली आणि नीता मैत्रिणी झाल्या, असं लिहिलं तर दोघी हसतील. लोणच्याची बरणी परत आलेली नाही. ऑफिसात अजून 'मॅडम' आणि 'तुम्ही' चालतं, 'अगं' कल्याणच्या पुढेच. एप्रिल २०२४ च्या मूल्यमापनात नीताने वैशालीला 'उत्कृष्ट'ऐवजी 'चांगले' दिलं, त्यावर गाडीत आठवडाभर अबोला होता. सुपरवायझरची ती जागा आपली होती, असं वैशाली आजही म्हणते, नीतासमोरही. नीता म्हणते, असेल. व्हाउचरं आता महिन्याला चार-पाच परत जातात, आणि ती खरोखर चुकलेली असतात.

काकू निवृत्त झाल्या. जोड्यांची यादी जाताना त्यांनी वैशालीकडे सोपवली. तिने पहिल्याच आठवड्यात नीताला स्वतःकडून काढून खर्डीच्या एका नव्या मुलीशी जोडलं. ती मुलगी ठाण्याला गाढ झोपलेली असते, उठतच नाही, अशी नीताची तक्रार आहे. वैशाली म्हणते, "लेखी द्या."